वर्तुळातला एक टक्का किती रुपयांचा?

प्रश्न : आम्ही इंदूरला राहतो. घरात सासूबाई, आम्ही दोघं आणि दोन मुलं. यांचा पगार हातात 66,000 येतो, माझ्या शिकवण्यांचे साधारण 12,000. जूनच्या खर्चाचं यांनी ऑफिसच्या लॅपटॉपवर गोल चित्र केलं होतं. तो लॅपटॉप परत गेला, आता माझ्याकडे स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला फोटो तेवढा आहे. त्यात नुसते टक्के आहेत : घराचा हप्ता 26, किराणा-दूध 19, शाळा 17, इतर 9, बाहेरचं खाणं 7, पेट्रोल 6, वीज-मोबाइल 5, औषधं 4. ऑनलाइन खरेदीच्या आकड्यावर ट्यूबलाइटची चमक आलीय. 78,000 धरून रुपये काढले तर हप्ता 20,280 येतो, आणि खरा हप्ता आहे 18,200. जूनमध्ये शाळेची तिमाही फी 9,000 आणि क्लासचे 3,000 भरले. क्रेडिट कार्डाची जुनी बाकी 40,000च्या आसपास आहे, दर महिन्याला किमान रक्कम भरतो, ती ‘इतर’मध्ये धरलीय. यांनी कुठेतरी वाचलंय की किराणा 15 टक्क्यांच्या वर नको, म्हणून तिथे कापा म्हणतात. मला वाटतं पैसा बाहेरच्या खाण्यात जातो. रोज वाद होतो. टाळता येईल असा खर्च नेमका कुठे आहे?

उत्तर : ताई, तुमचा गुणाकार बरोबर आहे. चुकलाय तो त्यातला 78,000 हा आकडा. आणि हप्ता जुळत नाही हे तुमच्या लक्षात आलं, तिथेच या कोड्याची किल्ली आहे.

गोल चित्राला तुमचं उत्पन्न ठाऊक नसतं. त्यात जेवढे आकडे भरले, त्यांची बेरीज म्हणजे त्याचे 100 टक्के. तुम्ही दिलेल्या यादीत ‘बचत’ किंवा ‘शिल्लक’ नावाचा तुकडाच नाही. त्यामुळे हे वर्तुळ दोघांच्या मिळकतीचं नाही, यजमानांनी जो खर्च लिहिला त्याच्या बेरजेचं आहे. ती बेरीज किती, हे फोटोत कुठेही लिहिलेलं नसलं तरी काढता येतं. ज्या तुकड्याचे रुपये तुम्हाला पक्के माहीत आहेत तो घ्यायचा आणि उलटा हिशोब करायचा. हप्ता 18,200 म्हणजे 26 टक्के. 18,200 भागिले 26, गुणिले 100 : आले 70,000.

एका तुकड्यावर विसंबू नका. स्क्रीनवर जे 26 दिसतं ते 25.5 ते 26.5 यांच्यामधलं काहीही असू शकतं, कारण अपूर्णांक छापताना पूर्ण केलेले असतात. त्या हिशोबाने एकूण खर्च 68,700 ते 71,400 यांच्या दरम्यान येतो. आता दुसरा पक्का आकडा लावून बघा. शाळा आणि क्लास मिळून 12,000, म्हणजे 17 टक्के. त्यावरून एकूण 68,600 ते 72,700 निघतात. दोन्ही उत्तरं एकमेकांत बसतात, म्हणून 70,000 धरायला हरकत नाही. यजमानांचा 66,000 पगार या पट्ट्यात बसत नाही आणि तुमचे 78,000ही बसत नाहीत. तेव्हा एक टक्का म्हणजे 700 रुपये, आणि प्रत्येक आकडा साधारण 350 रुपये इकडेतिकडे. ही 350ची ढिलाई हप्त्याला काहीच नाही, पण औषधांच्या 2,800ला बरीच आहे. लहान तुकड्यांवरून शंभर-दोनशे रुपयांचा वाद घालू नका, चित्रात तेवढा बारीकपणाच नसतो.

चमकेखाली दडलेला आकडा बाकीच्यांवरून निघतो. दिसणाऱ्या आठ तुकड्यांची बेरीज 93 होते, म्हणजे ऑनलाइन खरेदीला सुमारे 7 टक्के उरतात. सुमारे अशासाठी की पूर्ण केलेल्या टक्क्यांची बेरीज पुष्कळदा 99 किंवा 101 भरते. 6 ते 8 धरा, म्हणजे 4,200 ते 5,600 रुपये. फोटोतल्या तुकड्याच्या रुंदीवरून मात्र अंदाज बांधू नका. मोबाइल तिरका धरलेला असला की वर्तुळ अंड्यासारखं लांबट होतं आणि जवळचे तुकडे फुगतात. वर्तुळाची उंची आणि रुंदी पट्टीने मोजून पाहा. दोन्ही सारखी असतील तरच कोनमापक लावण्यात अर्थ आहे, तेव्हा 3.6 अंशाला एक टक्का. आणखी एक गोष्ट तपासा. अशा चित्रांत बाजूच्या यादीतले रंग फोटोत एकसारखे दिसतात, आणि औषधांचा तुकडा खरेदीचा समजला जातो. सासूबाईंच्या औषधांची जूनची बिलं काढा. ती 2,800च्या आसपास असतील तर तुमचं वाचन बरोबर. 5,000ला टेकत असतील तर दोन तुकड्यांची अदलाबदल झालीय.

आता सगळे रुपये एकदा मांडू. हप्ता 18,200, किराणा-दूध 13,300, शाळा 11,900, इतर 6,300, बाहेरचं खाणं 4,900, ऑनलाइन खरेदी 4,900, पेट्रोल 4,200, वीज-मोबाइल 3,500 आणि औषधं 2,800. बेरीज 70,000.

आणि इथे तुम्हा दोघांच्याही नजरेतून सुटलेली गोष्ट पुढे येते. मिळकत 78,000, लिहिलेला खर्च 70,000. मधले 8,000 वर्तुळात कुठेच नाहीत. किराण्याच्या निम्म्याहून मोठी ही रक्कम आहे आणि तिला ना रंग आहे, ना नाव. वाद मात्र नाव असलेल्या तुकड्यांवर चालू आहे.

हे 8,000 शिल्लक राहिले की न लिहिता खर्च झाले, हे बँकेच्या पासबुकावरून कळतं. 1 जूनला दोघांच्या खात्यांत मिळून किती होते आणि 30 जूनला किती, एवढंच बघायचं. पाकिटातली आणि कपाटातली रोख आठवत असेल तर तीही धरा. समजा महिन्याच्या सुरुवातीला 22,000 होते आणि शेवटी 24,500. म्हणजे 2,500 खरोखर मागे पडले आणि 5,500 लिहिलेच गेले नाहीत. एक पथ्य मात्र पाळा. महिन्यात तुम्ही आरडीत किंवा एसआयपीत पैसे टाकले असतील तर ते खर्च नव्हेत, ते वेगळे काढा. बँकेच्या खिडकीत इतकी वर्षं बसून मी हे पाहिलंय की न लिहिलेले पैसे फार क्वचित एका मोठ्या खरेदीत जातात. यूपीआयने दिलेले शंभर-दीडशे, नातेवाइकांकडच्या कार्यातला अहेर, मुलांच्या वाढदिवसाच्या भेटी, भाजीवाल्याची रोख, अशी त्यांची वाट असते. जूनचं यूपीआयचं स्टेटमेंट मोबाइलवर उतरवून घ्या आणि नुसतं वरून खाली वाचा. कुणाला दोष द्यायला बसू नका, नावं ओळखायला बसा.

आता किराणा. 19 टक्के मोठे वाटतात. पण रुपये केल्यावर थांबायचं नसतं, ते माणसांवर आणि दिवसांवर वाटायचे असतात. 13,300 भागिले पाच माणसं, भागिले तीस दिवस : माणशी रोजचे 89 रुपयेसुद्धा होत नाहीत. त्यात दूध आहे, चहा-साखर आहे, तेल आहे, बहुतेक साबण आणि भांड्यांची पावडरही आहे. वाढत्या वयाची दोन मुलं असलेल्या घरात यातून मोठी कपात निघेल असं मला वाटत नाही. निघाली तर ती दुधातून आणि भाजीतून निघेल, आणि ती मला नको वाटते. यजमानांना हा 89चा आकडा दाखवा. 19 टक्क्यांपेक्षा तो त्यांना लवकर पटेल.

आणि ते 15 टक्के. कशाचे 15, हे त्या वाचलेल्या नियमात होतं का? तुमचाच 13,300चा किराणा 70,000वर 19 टक्के होतो आणि 78,000वर 17. जिन्नस तेच, पैसे तेच, टक्के वेगळे. केंद्र सरकारच्या 2023-24च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत शहरी भारतात खाण्यापिण्यावर सुमारे 40 टक्के खर्च होतो असं दिसलं. तो आकडा ऐकून तुम्ही खूश व्हाल, पण तोही तसाच्या तसा लावता येत नाही, कारण त्या पाहणीत कर्जाचे हप्ते आणि बचत धरत नाहीत आणि बाहेरचं खाणं धरतात. त्याच मापाने तुमचं घर मोजायचं तर 70,000मधून हप्ता वजा करा, उरले 51,800. किराणा आणि बाहेरचं खाणं मिळून 18,200. म्हणजे 35 टक्के. तुमचं घर खाण्यावर उधळपट्टी करतंय असं या हिशोबातून तरी निघत नाही.

शाळेचा तुकडाही जूनमुळे फुगलाय. 9,000ची फी तीन महिन्यांची आहे, महिन्याला ती 3,000 पडते. क्लास धरून खरा मासिक खर्च 6,000. वर्षाकाठी एकदाच येणारे विमा, गाडीचा इन्शुरन्स, महापालिकेचा मालमत्ता कर मात्र या वर्तुळात नाहीत, आणि म्हणून एका महिन्याच्या चित्रावरून वर्षाचा निर्णय घेऊ नका. अशा सगळ्या रकमांची यादी करून बाराने भागा आणि तेवढे पैसे दर महिन्याला बाजूला टाका. विजेचंही थोडं असंच असतं. जूनमध्ये भरलेलं बिल बहुधा मे महिन्यातल्या कूलरचं असतं. आपल्याकडे मध्य प्रदेशात अटल गृह ज्योती योजनेत महिन्याचा वापर 150 युनिटांच्या आत राहिला तर पहिल्या 100 युनिटांचे 100 रुपये पडतात, आणि ती रेषा ओलांडली की त्या महिन्याची सवलत जाते. पावसाळ्यात-हिवाळ्यात तुमचं बिल 150च्या जवळपास घुटमळत असेल तर तिथे लक्ष घालण्यासारखं आहे. 250-300 युनिटांचं घर असेल तर सोडून द्या.

आता ‘इतर’, म्हणजे 6,300 रुपये. मला विचाराल तर तुमच्या घरातला सर्वांत टाळण्याजोगा खर्च या तुकड्याच्या पोटात आहे, आणि तो तुमचाही नाही, यजमानांचाही नाही. तो कार्डाच्या व्याजाचा आहे.

कार्डाचं स्टेटमेंट उघडा. त्यात `Minimum Amount Due` असं लिहिलेलं असतं आणि थोडं खाली `Finance Charges` अशी ओळ असते. व्याजाचा दर कार्डागणिक वेगळा असतो. मी इथे महिन्याला साडेतीन टक्के धरते, तुम्ही तुमच्या स्टेटमेंटवरचा घ्या. 40,000वर महिन्याचं व्याज 1,400 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी 252, मिळून 1,652 रुपये. किमान रक्कम बाकीच्या 5 टक्के असेल तर तुम्ही 2,000 भरता. म्हणजे त्यातले फक्त 348 कर्ज कमी करतात. शिवाय जुनी बाकी उभी असताना कार्डावर नवी खरेदी केली तर तिला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, खरेदीच्या तारखेपासून व्याज चालू होतं. ऑनलाइन खरेदी त्याच कार्डावर होत असेल तर त्या 4,900च्या वस्तू दिसतात त्यापेक्षा महाग पडताहेत.

हे 1,652 रुपये तुमच्या वर्तुळात अडीच टक्केही नाहीत. औषधांहून लहान. म्हणून ते कुणाला दिसले नाहीत. पण त्या पैशांचं घरात कुणी काही खाल्लं नाही, कुणी काही नेसलं नाही, कुठे कुणी गेलं नाही. पोह्यांच्या प्लेटवरून भांडण होतं तेव्हा मला या ओळीची आठवण होते आणि वाईट वाटतं.

करायचं काय? किमान रकमेऐवजी दर महिन्याला 6,000 भरले आणि कार्डावर नवी खरेदी बंद ठेवली, तर बाकी आठ महिन्यांत संपते आणि व्याज-कर मिळून सुमारे 7,750 जातात. नुसती किमान रक्कम भरत राहिलात तर त्याच आठ महिन्यांत 12,800च्या आसपास जातील आणि 37,000हून जास्त बाकी तशीच राहील. हे 6,000 आणायचे कुठून? 2,000 तुम्ही आत्ताही भरता आहात. उरलेल्या चार हजारांसाठी त्या नाव नसलेल्या 8,000कडे बघा. शिवाय पुढची फी येईपर्यंतच्या दोन महिन्यांत फीचे 9,000 द्यायचे नाहीत. त्यातले महिन्याला 3,000 पुढच्या फीसाठी वेगळे ठेवूनही थोडी जागा होते. घरात एखादी छोटी एफडी असेल तर मी ती मोडून बाकी एकदम फेडायला सांगेन. एफडी वर्षाला जे देते, त्याच्या कितीतरी पट कार्ड घेतं. बँकेकडून बाकीचे हप्ते करून घेण्याचाही मार्ग आहे. त्यात दर कमी असतो, पण प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी मिळून एकूण किती जाणार हे लेखी विचारून मगच हो म्हणा. दागिन्यांवर कर्ज काढून फेडणं हिशोबाने स्वस्त पडतं, तरी 40,000साठी मी ते शेवटी ठेवीन, कारण दोन हप्ते चुकले तर चिंता कार्डाची न राहता दागिन्यांची होते.

पुढच्या वेळी चित्र करताना एक चूक टाळा. जूनची ऑनलाइन खरेदी वेगळी लिहिली आणि कार्डाला भरलेली रक्कमही ‘इतर’मध्ये लिहिली, तर काही पैसे दोनदा मोजले जातात. खरेदी केली त्या महिन्यात ती त्या-त्या सदरात लिहा, आणि कार्डाच्या नावाने फक्त व्याज, कर आणि दंड लिहा. जुन्या बाकीतले जे 348 फिटले ती फेड आहे, जूनचा खर्च नाही.

राहिलं बाहेरचं खाणं, 4,900. तुमचा संशय पूर्ण चुकीचा नाही, पण हा तुकडा एकजिनसी नाही. रविवारी सकाळचे पोहे-जिलबी, छप्पन दुकानची एखादी चक्कर, पाहुणे आले म्हणून रात्री सराफ्यात नेणं, हे एकीकडे ठेवा. घरपोच मागवलेलं जेवण दुसरीकडे. त्या बिलांवर पदार्थांच्या किमतीखाली पॅकिंग, डिलिव्हरी, प्लॅटफॉर्म फी अशा ओळी असतात, जूनमधल्या त्या ओळींचीच फक्त बेरीज करा. मग ऑर्डरींचे वार आणि वेळा बघा. त्या तुमच्या शिकवणीच्या दिवशी आठ-साडेआठला पडत असतील, तर हा जिभेचा खर्च नाही, दमलेल्या माणसाने विकत घेतलेला तास आहे. तो ‘टाळा’ म्हणून टळणार नाही. त्या दिवसांपुरत्या पोळ्या करायला मावशी लावणं स्वस्त पडतं का, की यजमानांनी त्या संध्याकाळी खिचडीचा कुकर लावणं जमतं, हे दोघांनी मिळून ठरवा. रविवारचे पोहे चालू ठेवा. शेव-नमकीन कोणत्या सदरात लिहायचं तेही एकदाच ठरवून टाका. एका महिन्यात ते किराण्यात आणि पुढच्या महिन्यात बाहेरच्या खाण्यात गेलं तर दोन महिन्यांची तुलना होत नाही.

ऑनलाइन खरेदीच्या 4,900बद्दल मी चित्रावरून काही सांगू शकत नाही, त्यात मुलांच्या वह्या असतील किंवा तिसरं हेडफोनही असेल. ऑर्डरींची यादी उघडा आणि प्रत्येक वस्तूपुढे एकच गोष्ट लिहा : ती आज घरात वापरात आहे की नाही.

जुलैचं चित्र केलंत तर वर्तुळाच्या वर एकूण रक्कम लिहा, प्रत्येक तुकड्यावर टक्क्यांऐवजी रुपये छापा, आणि ‘शिल्लक’ नावाचा तुकडा घालून बेरीज 78,000ची करा. फोटो काढण्यापेक्षा मूळ फाइलच स्वतःच्या मोबाइलवर पाठवून ठेवा. पण त्याआधी, या रविवारी, दोघांनी बसून कार्डाच्या स्टेटमेंटवरची `Finance Charges`ची ओळ शोधा. जानेवारी ते जून सहा स्टेटमेंटं काढा, त्या ओळींची बेरीज करा आणि ती जूनच्या किराण्याच्या 13,300 शेजारी लिहून ठेवा.